नव्वद टक्क्यांपाशी रेंगाळणारी डिस्क आणि अलर्टची फडफड

पहाटवारा

नमस्कार. आमच्या एका डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कवर प्रोमिथियसची देखरेख आहे. वापर ९० टक्क्यांच्या वर गेला की गंभीर अलर्ट येतो आणि खाली उतरला की तो मिटल्याचा संदेश येतो. तपासणी दर मिनिटाला होते. परवाच्या रात्रीचे दर पाच मिनिटांचे आकडे देते, म्हणजे अडचण लक्षात येईल. २ वाजता ८९.४, नंतर ९०.२, ८९.७, ९०.४, ८९.८, ९०.१ आणि अडीच वाजता ८९.३. या अर्ध्या तासात तीन वेळा "बिघाड" आणि तीन वेळा "पूर्ववत", असे सहा संदेश आले. प्रत्यक्षात काहीही बिघडले नव्हते आणि काहीही सुधारले नव्हते. लॉग लिहिले जात होते, थोड्या थोड्या वेळाने ते आवळून ठेवले जात होते, आणि त्या ये-जा करणाऱ्या जागेच्या बरोबर मधोमध आमची रेषा आली होती.

पहाटेपर्यंत हेच चालू राहिले. शेवटी रात्रपाळीच्या सहकाऱ्याने फोन गप्प केला, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही. "हिस्टेरेसिस ठेवा, म्हणजे अलर्ट लागण्याची मर्यादा वेगळी आणि मिटण्याची वेगळी" असे एकाने सुचवले. कल्पना पटली, पण मिटण्याची मर्यादा नेमकी कशावरून ठरवायची हे कोणी सांगितले नाही. ८९ ठेवायची की ८०? अंदाजाने आकडा टाकायची इच्छा नाही.

सरळमार्गी

यासाठी दोन मर्यादांचा खटाटोप कशाला? नियमात `for: 10m` लिहा. सलग दहा मिनिटे ९० च्या वर राहिल्याशिवाय अलर्ट लागणारच नाही. आमच्याकडे हेच आहे आणि कधी त्रास झालेला नाही. फारच झाले तर अर्ध्या तासाची सरासरी घ्या. हिस्टेरेसिस म्हणतात ते शेवटी हेच.

ओळंबा

सरळमार्गी, तुमचा उपाय चांगला आहे, पण वेगळ्या दुखण्यावरचा आहे. धागाकर्तीने दिलेल्या आकड्यांवरच तो लावून पाहा. वापर ९० च्या वर जातो आणि काही मिनिटांतच पुन्हा खाली येतो. प्रत्येक वेळी खाली आला की दहा मिनिटांची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे ही डिस्क रात्रभर नव्वदीवर लोंबकळत राहील आणि अलर्ट एकदाही लागणार नाही. फडफड थांबली असे वाटेल, पण ती थांबण्याचे कारण अलर्ट मुका झाला हे असेल.

आता उलट बाजू पाहा. समजा वापर ९३ वर गेला, वीस मिनिटे तिथेच राहिला, अलर्ट लागला. नंतर तो उतरत ९० पाशी आला. `for` चा संबंध फक्त लागण्याशी आहे, मिटताना तो काहीच करत नाही. एका तपासणीत ८९.९ आले की अलर्ट त्याच क्षणी मिटतो. प्रोमिथियसमध्ये २.४२ या आवृत्तीपासून मिटण्याच्या बाजूला `keep_firing_for` मिळते, आणि ते उपयोगी आहे. पण तेही घड्याळच पाहते, वापर किती खाली आला हे पाहत नाही. वीस मिनिटे सांगितली आणि वापर ८९.९ वर पंचवीस मिनिटे थांबला, तर अलर्ट मिटणार आणि सव्विसाव्या मिनिटाला पुन्हा लागण्याच्या तयारीत असणार.

सरासरीने हेलकावा लहान होतो, नाहीसा होत नाही. या आकड्यांची सरासरी ९० च्या अगदी खाली बसते, आणि दिवसाअखेर वापर किंचित वाढला की ती सरासरीच नव्वदीवर डुलू लागेल. फडफड तीच राहील, फक्त संथ होईल.

क्षणभर येऊन जाणाऱ्या उसळीसाठी वेळ मोजावा. रेषेवर रेंगाळणाऱ्या मूल्यासाठी उंचीतले अंतर हवे. त्याचे सगळे तर्कशास्त्र एवढेच आहे:

```
if status == "ok" and value > 90:
    status = "fail"
elif status == "fail" and value <= 87:
    status = "ok"
```

८७ ते ९० च्या मधल्या पट्ट्यात यातली एकही अट लागू होत नाही, म्हणून आधीची स्थिती तशीच राहते. त्या रात्रीच्या आकड्यांवर हे चालवले तर २ वाजून ५ मिनिटांनी एक संदेश येतो आणि पुढे अडीचपर्यंत शांतता.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. वरची मर्यादा फडफडीकडे पाहून ठरवूच नका. ९० ते १०० हे अंतर भरायला डिस्कला किती तास लागतात आणि माणूस किती वेळात येऊन जागा मोकळी करू शकतो, यावरून ती ठरते. फडफड टाळण्यासाठी ९० चे ९२ केले, तर तुम्ही मदतीला धावण्याचा वेळ कापता आणि काही दिवसांनी डिस्क ९२ पाशी रेंगाळू लागते.

खालची मर्यादा दोन गोष्टींच्या मध्ये बसवावी लागते. एक म्हणजे नेहमीचा हेलकावा: कोणीही हात लावला नसताना वापर किती वरखाली होतो. दोन मर्यादांतले अंतर त्याहून स्पष्टपणे मोठे हवे. दुसरी म्हणजे डिस्कची विसाव्याची पातळी: व्यवस्थित सफाई झाल्यावर वापर जिथे स्थिरावतो तो आकडा. खालची मर्यादा त्याच्या वरच हवी, नाहीतर सगळे ठीक झाले तरी अलर्ट मिटणार नाही. दोन आठवड्यांचा आलेख काढा आणि हे दोन आकडे इथे द्या.

जलचर

माझ्याकडे मत्स्यालयाच्या तापमानाचा असाच प्रश्न आहे. हीटरचा थर्मोस्टॅट २५ अंशांवर आहे आणि त्याच्यात अर्ध्या अंशाचा हिस्टेरेसिस आधीपासून आहे. तरीही २४.५ च्या खाली गेल्यावर येणारा माझा अलर्ट दिवसभर लागतो आणि मिटतो. थर्मोस्टॅटचा हिस्टेरेसिस एक अंश केला तर थांबेल का?

ओळंबा

जलचर, थांबणार नाही, हेलकावा उलट वाढेल. थर्मोस्टॅटचा हिस्टेरेसिस हेलकावा कमी करत नाही, तोच हेलकावा निर्माण करतो. पाणी २४.५ पर्यंत थंड होऊ द्यायचे आणि मग हीटर लावायचा, हे त्याचे रोजचे काम आहे, आणि हीटर लागल्यावरही पाणी तापेपर्यंत आकडा थोडा आणखी उतरतो. तुमच्या अलर्टची रेषा नेमकी त्या चक्राच्या तळाशी आहे. अलर्ट २३.८ सारख्या आकड्यावर न्या, म्हणजे हीटर खरोखर बंद पडला तरच तो लागेल, आणि मिटण्याची मर्यादा २४.५ ठेवा. तुमच्याकडे काळजी आकडा घसरण्याची आहे, म्हणून मिटण्याची मर्यादा लागण्याच्या मर्यादेच्या वर असते. डिस्कच्या उदाहरणाच्या नेमके उलट.

(ही कल्पना मुळात आपल्या क्षेत्राची नाहीच. दोन मर्यादांवर चालणारे श्मिट ट्रिगर हे विद्युत मंडल ऑटो श्मिट यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले, तेही निर्वात नलिकांवर. खडबडीत संकेतातून स्वच्छ चालू-बंद काढायचे, हीच अडचण तेव्हाही होती.)

पहाटवारा

आलेख पाहिला. एरवीचा हेलकावा सव्वा टक्क्याच्या आत आहे, त्या रात्री तो १.१ होता. पण रोज पहाटे चार वाजता मोठी आवराआवर होते, तेव्हा वापर २.२ टक्क्यांनी उतरतो आणि दुपारपर्यंत पुन्हा होता तिथे येतो. ही उतरण मी हिशेबात धरली नव्हती. म्हणजे ९० आणि ८८ अशा मर्यादा ठेवल्या असत्या, तर ८९.९ चा वापर चार वाजता ८७.७ झाला असता, "पूर्ववत" असा संदेश आला असता आणि दुपारी पुन्हा बिघाड. रोज एकदा फसवणूक. म्हणून ८७ ठेवले. जुन्या बॅकअपची सफाई झाल्यावर वापर ७७.५ च्या आसपास बसतो, त्यामुळे ८७ च्या खाली यायला वाव भरपूर आहे.

नियम असा लिहिला:

```
- alert: DiskFull
  expr: |
    disk:used:percent > 90
    or (disk:used:percent > 87
        and on (instance, mountpoint)
        ALERTS{alertname="DiskFull", alertstate="firing"})
  for: 5m
  labels:
    severity: critical
```

अर्थ असा की ९० च्या वर असेल तर लाव, किंवा हा अलर्ट आधीच लागलेला असेल आणि वापर अजून ८७ च्या वर असेल तर लागलेलाच ठेव.

पण काल संध्याकाळी विचित्र प्रकार घडला. वापर ८७.३ असताना गंभीर अलर्ट लागला. त्याआधी तो लागलेला नव्हता. ९० च्या जवळही आम्ही गेलो नव्हतो.

सरळमार्गी

दोन तपासण्यांच्या मध्ये वापर ९० च्या वर जाऊन आला असेल. मोठी तात्पुरती फाइल तयार झाली आणि पुसली गेली की असे होते. आम्ही हे पाहिले आहे.

पहाटवारा

ही शंका मलाही आली होती, पण तसे असते तर `for: 5m` मुळे ती एक उसळी पुरली नसती. शिवाय आलेखावर दिवसभरातली सर्वांत वरची नोंद ८८.१ आहे, आणि ती अलर्ट लागल्यानंतरची आहे.

ओळंबा

एक विचारतो. ८० टक्क्यांवर इशारा देणारा दुसरा नियमही आहे का, आणि त्याचेही नाव `DiskFull` हेच आहे का?

पहाटवारा

होय. दोन्हींचे नाव एकच आहे. एकावर `severity: warning` आणि दुसऱ्यावर `severity: critical` असे लेबल आहे.

ओळंबा

मग तिथेच गोम आहे. `ALERTS` या मालिकेत तुम्ही फक्त नाव आणि स्थिती विचारली, पातळी विचारली नाही. डिस्क ८० च्या वर असल्यामुळे इशारा लागलेला होताच. गंभीर नियमाने "माझा अलर्ट आधीच लागला आहे का" असे विचारले आणि उत्तर धाकट्या भावाने दिले. त्यामुळे नियमाचा खालचा अर्धा भाग ८७ ओलांडताच खरा ठरला, पाच मिनिटे खरा राहिला, आणि अलर्ट लागला. थोडक्यात तुमची ९० ची मर्यादा नकळत ८७ झाली होती.

उपाय एका शब्दाचा आहे:

```
ALERTS{alertname="DiskFull", severity="critical", alertstate="firing"}
```

इशाऱ्याच्या नियमातही `severity="warning"` घाला. नाहीतर गंभीर अलर्टच्या जोरावर इशाराही लागलेला राहू शकतो, तिथे फक्त ते चटकन लक्षात येत नाही.

अशी चूक ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. अलर्टच्या मजकुरात लागतानाचे मूल्य छापा. पहिल्याच संदेशात मधल्या पट्ट्यातला आकडा दिसला, तर स्मृती दुसऱ्या कोणाची तरी वाचली जात आहे असे समजावे. हिस्टेरेसिस नीट असेल तर पहिला संदेश नेहमी वरच्या मर्यादेच्या पलीकडचाच असतो.

जुनाखिळा

चर्चा वाचून जुने दिवस आठवले. नागिऑसमध्ये फडफड ओळखण्याची सोय होती. ते शेवटच्या २१ तपासण्यांचे निकाल जवळ ठेवते, त्यांत स्थिती किती वेळा बदलली ते मोजते, अलीकडच्या बदलांना अधिक वजन देते आणि टक्केवारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की संदेश थांबवते. गंमत अशी की फडफड सुरू झाली हे ठरवायला एक मर्यादा आहे आणि थांबली हे ठरवायला दुसरी, अधिक खालची. फडफड मोजणाऱ्या यंत्रणेचीच फडफड होऊ नये म्हणून. पण त्याने फक्त संदेश दाबले जातात, स्थिती आतल्या आत पलटतच राहते. दोन मर्यादा ठेवणे हाच मुळावरचा उपाय आहे, याबाबत ओळंबा यांच्याशी सहमत आहे. झॅबिक्समध्ये तर सावरण्याची अट वेगळी लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, तिथे `ALERTS` ची ही कसरत करावी लागत नाही.

मात्र विसाव्याच्या पातळीबद्दल जे एका वाक्यात सांगितले गेले, त्याची किंमत मी मोजली आहे. एका ठिकाणी आम्ही ९० आणि ८० अशा मर्यादा ठेवल्या. अंतर जितके मोठे तितके चांगले, असे तेव्हा वाटत असे. त्या सर्व्हरचा रोजचा वापर ८६ होता. एका रात्री निर्यातीची फाइल अर्धवट राहिली, वापर ९१ वर गेला, फाइल पुसली, वापर पुन्हा ८६. फलकावरचा दिवा मात्र लालच राहिला, कारण ८० पर्यंत तो सर्व्हर कधी जातच नसे. पहिल्या आठवड्यात लोक विचारत होते, दुसऱ्या आठवड्यात "तो तसाच असतो" असे नव्या माणसाला सांगू लागले. पुढे डिस्क खरोखर भरत गेली तेव्हा नवा संदेश आलाच नाही, कारण अलर्ट आधीच लागलेला होता. डेटाबेसने लिहिणे थांबवले तेव्हा आम्हाला समजले. फडफडणारा अलर्ट निदान त्रास देतो. अडकलेला अलर्ट काहीच बोलत नाही.

विरामचिन्ह

मला या पद्धतीबद्दल एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. फलकावर शेजारी शेजारी दोन सर्व्हर आहेत, दोघांचा वापर ८८, एक लाल आणि एक हिरवा. पाहणाऱ्याने काय समजावे? एकाच आकड्याला दोन अर्थ असतील, तर लोक फलकावर विश्वास ठेवणार नाहीत. माझ्या मते दोन मर्यादा फक्त संदेशांसाठी ठेवाव्यात आणि फलकावर साधा आकडा व साधी रेषा असावी.

ओळंबा

आक्षेप रास्त आहे, पण तुमच्या उपायाने फलक हिरवा आणि फोन लाल असा प्रकार होईल, आणि रात्रीच्या माणसाला तो अधिक गोंधळात टाकेल. मी मधल्या पट्ट्यातल्या लाल दिव्याला वेगळी छटा देतो आणि बाजूला "८७ वर मिटेल" असे लिहितो. त्यामुळे दोन ८८ मधला फरक इतिहासाचा आहे हे दिसते.

विरामचिन्ह

तिसरी छटा आली की तिचाही अर्थ शिकवावा लागतो. मला अजून पटलेले नाही, पण "कितीवर मिटेल" हे लिहिण्याची सूचना मी उचलतो.

ओळंबा

धागाकर्तीसाठी आणखी एक मर्यादा नोंदवून ठेवतो. हा नियम आपली स्मृती स्वतःच्याच मागच्या नोंदीतून वाचतो, आणि प्रोमिथियस साधारण पाच मिनिटांपेक्षा जुनी नोंद पाहत नाही. प्रोमिथियस त्याहून जास्त वेळ बंद राहिला आणि तेव्हा वापर ८८ असेल, तर परत आल्यावर अलर्ट विसरला जाईल. यात मोठा धोका नाही, कारण वापर ९० च्या वर गेला की तो पुन्हा लागेल. पण नियमाची तपासणीच पाच मिनिटांनी किंवा त्याहून विरळ होत असेल, तर स्मृती प्रत्येक वेळी पुसली जाईल आणि हिस्टेरेसिस फक्त कागदावर राहील. आपली तपासणी दर मिनिटाला आहे, ती तशीच ठेवा.

पहाटवारा

दहा दिवसांनी परत लिहीत आहे. `severity` घातल्यावर ८७ वाला प्रकार थांबला. मंगळवारी रात्री १ वाजून ४० मिनिटांनी वापर ९० च्या वर गेला आणि तिथेच टिकला, पाच मिनिटांनी एक संदेश आला. त्यानंतर पहाटेपर्यंत आकडा ८९.२ ते ९०.६ मध्ये फिरत होता, चारच्या आवराआवरीनंतर ८७.९ झाला, आणि फोन एकदाही वाजला नाही. सकाळी अकराला आम्ही जुने बॅकअप हलवायला सुरुवात केली, वापर ८६.८ झाला तेव्हा मिटल्याचा दुसरा आणि शेवटचा संदेश आला. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने फोनचा आवाज पुन्हा चालू केला आहे.

मात्र इशाऱ्याच्या नियमात माझीच चूक झाली. गंभीर नियमातले तीन टक्क्यांचे अंतर मी तिथे जसेच्या तसे उतरवले, म्हणजे लागणार ८० वर आणि मिटणार ७७ वर. आता विसाव्याची पातळी ७७.५ आहे. सफाई पूर्ण झाली, सगळे व्यवस्थित आहे, आणि इशारा चार दिवसांपासून पिवळाच आहे. जुनाखिळा यांचा अनुभव वाचूनही मी त्याच खड्ड्यात पाय घातला.

जुनाखिळा

चार दिवसांत लक्षात आले, आम्हाला त्याला कितीतरी जास्त दिवस लागले होते. मिटण्याची मर्यादा ७८.५ करा. विसाव्याला असताना वापर हेलकाव्यासह ७८.१ च्या आसपासच जाईल, म्हणजे मिटेल. अंतर दीड टक्का उरते आणि हेलकावा सव्वाच्या आत आहे, म्हणून रोजची फडफडही होणार नाही.

पहाटवारा

पण मग पहाटे चारची २.२ टक्क्यांची उतरण आडवी येते. वापर ८०.२ असेल तर चार वाजता तो ७८ होईल, इशारा मिटेल आणि दुपारी पुन्हा लागेल. म्हणजे ७७ ठेवले तर इशारा अडकतो आणि ७८.५ ठेवले तर रोज एक खोटी सुटका.

जुनाखिळा

बरोबर आहे. त्या पातळीवर दोन्ही अटी पाळणारा आकडा सापडणार नाही, कारण विसाव्याची पातळी आणि इशाऱ्याची रेषा यांच्यात जागाच कमी आहे. इशाऱ्याने कोणाला झोपेतून उठवत नसाल, तर मी रोजची एक खोटी सुटका पत्करेन.

ओळंबा

किंवा ७८.५ सोबत `keep_firing_for` लावा. पण आपली उतरण दुपारपर्यंत टिकते, म्हणजे तिथे आठ-नऊ तास लिहावे लागतील, आणि मग खरी सफाई झाल्यावरही इशारा तेवढे तास रेंगाळेल. मी असतो तर इशाऱ्याची रेषाच ८२ वर नेली असती आणि मिटण्याची ७९ वर. मात्र त्यामुळे तुम्हाला दोन टक्के उशिरा समजेल, आणि ते परवडते की नाही हे तुमची डिस्क किती वेगाने भरते यावर आहे.

पहाटवारा

गेल्या महिन्यात ती सफाईच्या दिवसांखेरीज दिवसाला साधारण अर्धा टक्का वाढली. दोन टक्के म्हणजे चार दिवस. ते परवडतील असे वाटते, पण महिनाअखेरीला हिशेब बंद होताना वाढीचा वेग बदलतो. तो आलेख पाहून मगच ८२ करते.